दोनशे शब्दांची कथा आणि तिचा शेवट

आमच्या वार्षिकांकात विद्यार्थ्यांच्या कथेस एक पान मिळते. शीर्षक आणि चित्र यांची जागा सोडली, तर त्या पानावर सुमारे तीस ओळी बसतात आणि एका ओळीत सहा ते सात शब्द मावतात. दोनशे शब्दांची मर्यादा आली ती ह्या हिशेबातून. कोणाच्या लहरीतून नव्हे. परंतु विद्यार्थी कथा लिहितात ती वहीची चार-पाच पाने भरून. मग काटछाट सुरू होते, आणि बहुतेक वेळा त्या काटछाटीत कथेचा शेवटच मरतो. शब्द शेवटी उरलेले असतात, पण त्यांतला जीव गेलेला असतो. हे कसे घडते आणि कसे टाळावे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ह्या उदाहरणात पहिली चूक आमचीच होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

प्रथम शब्द कसे मोजावेत ते ठरवू. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. म्हणून ‘झाडावरून’ किंवा ‘काकूंकडे’ हा एकच शब्द धरावयाचा. उलट ‘येत होतो’, ‘चालू लागली’ हे दोन दोन शब्द होत. संगणकही दोन शब्दांमधील मोकळी जागा पाहूनच मोजतो. त्यामुळे दोन्ही बाजूंस जागा सोडून एखादी आडवी रेघ ओढली, तर कित्येकदा ती रेघही शब्द म्हणून मोजली जाते. एका विद्यार्थ्याने मर्यादा पाळण्यासाठी ‘उस्मानियारुग्णालय’ असे जोडून लिहिले होते. अशी चोरी एका दृष्टिक्षेपात उघडी पडते. मात्र भाषेच्या घडणीतून होणारी बचत न्याय्य आहे. ‘ज्या झाडाने तिला वाचवले होते ते झाड’ हे सात शब्द झाले. ‘तिला वाचवणारे झाड’ हे तीनच. अर्थात काही उणे झाले नाही. तथापि अशा बचतीने सहाशे शब्दांचे साडेपाचशे होतील, दोनशे होणार नाहीत. त्यासाठी कथेचे भागच्या भाग काढावे लागतात, आणि खरा प्रश्न तेथेच उभा राहतो.

आता कथेकडे वळू. नववीतील एका विद्यार्थिनीने घरी ऐकलेल्या आठवणीवरून ती लिहिली होती. तिला आधार होता तो मुसी नदीच्या महापुराचा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या पुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडाली; सुमारे १५,००० माणसे दगावली असे सांगतात. आज जेथे उस्मानिया रुग्णालयाची इमारत आहे, त्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसल्यामुळे सुमारे दीडशे माणसांचे प्राण वाचले, ही हकीकत शहरात प्रसिद्ध आहे. त्या दीडशेंत आपल्या आजीची आजी होती, असे कथा सांगणाऱ्या मुलीचे म्हणणे.

मूळ कथा ६४० शब्दांची होती आणि तिचे सहा भाग पडत होते. पहिल्या भागात सकाळची घाई, भावाचे रुसणे, कोठीपर्यंतचा बसचा प्रवास व तेथून रिक्षा, असे ११० शब्द. दुसऱ्यात घरच्या स्वयंपाकाचे वर्णन: ह्या घरात चिंच वापरीत नाहीत, आमटीत आमसूल घालतात, आणि शेजारच्या तेलुगू घरातून पुलिहोरा आला की आजी तो मुलीला खाऊ देत नाही, हे ९० शब्द. तिसऱ्यात रुग्णालय, आजारी परिचित बाई व डॉक्टर यांवर १००. चौथ्यात पुराचा इतिहास, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला, त्यानंतर १९२० साली पूर्ण झालेला उस्मानसागर आणि १९२७ सालचा हिमायतसागर, यांवर १५०. पाचव्यात झाडाखाली आजीने सांगितलेली हकीकत, १२० शब्द. सहाव्यात शेवट, ७० शब्द: मुलगी झाडाखाली पडलेली एक पिकलेली चिंच उचलते आणि न खाता परत ठेवते.

मुलीने आम्हांस विचारले, “ह्यातले काय काढू?” आम्ही वहीवर नजर फिरवली आणि बसचा प्रवास व स्वयंपाकघर ह्या दोन्ही भागांवर पेन्सिलीने रेघ मारली. पुराचा इतिहास मात्र महत्त्वाचा म्हणून राखला. आमची घरची बोली कोकणी. आमच्या स्वयंपाकात आमसुले नित्याचीच. त्यामुळे एखाद्या घरात चिंचेऐवजी आमसूल घालतात ह्यात काही सांगण्यासारखे आहे, हे आमच्या ध्यानातच आले नाही. जे हैदराबादच्या वाचकास चटकन खटकले असते, ते आम्हांस केवळ पाककृतीसारखे वाटले.

मुलीने सांगितल्याप्रमाणे काटछाट केली. बरोबर दोनशे शब्द झाले. त्या मसुद्याचा शेवट असा होता: “मी खाली पडलेली एक चिंच उचलली आणि परत बुंध्यापाशी ठेवली. आपण वृक्षांचे ऋण सदैव मानले पाहिजे.” त्यातील दुसरे वाक्य मूळ कथेत नव्हते. ते का घातले, असे विचारता ती म्हणाली, “त्याशिवाय शेवट अपुरा वाटत होता.” तिचे कान आमच्या पेन्सिलीपेक्षा शहाणे होते. शेवट खरोखरच अपुरा झाला होता. पण जे उणे पडले होते ते शेवटाच्या पुढे नव्हते, मागे होते.

आमच्या अंकासाठी आम्ही एक साधी कसोटी ठेवली आहे. ज्याने मूळ कथा ऐकलेली नाही, अशा एखाद्या मुलास नवा मसुदा एकदाच वाचून दाखवावयाचा आणि शेवटाविषयी एकच प्रश्न विचारावयाचा. सातवीतील एका मुलास हा मसुदा वाचून दाखवला व विचारले, “तिने चिंच परत का ठेवली?” तो क्षणभर थांबून म्हणाला, “किडकी निघाली असेल.” सगळे हसले. कथेची लेखिका मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती येऊन हळूच म्हणाली, “आमच्या घरची गोष्ट आहे ही. अशी छापण्यापेक्षा नकोच.” तेव्हा आम्ही मूळ वही पुन्हा मागून घेतली आणि ह्या खेपेस ती शेवटाकडून वाचावयास बसलो.

शेवटचे वाक्य म्हणजे चिंच परत ठेवणे. ह्या कृतीत अर्थ येण्यासाठी वाचकास कोणत्या गोष्टी आधी ठाऊक असल्या पाहिजेत? आम्ही दोघांनी त्या कागदावर मांडल्या, तेव्हा तीनच निघाल्या. पहिली, ह्या मुलीला चिंच मनापासून हवी आहे. ज्याला नकोच आहे त्याने ठेवून दिली, तर त्यात त्याग कसला? दुसरी, तिच्या घरात चिंच खात नाहीत, आणि का ते तिला आजवर कोणी सांगितलेले नाही. तिसरी, ह्या झाडाशी तिच्या पणजीच्या आईचे काय नाते होते. पैकी तिसरी गोष्ट पाचव्या भागात होती. परंतु पहिल्या दोन्ही गोष्टी होत्या त्या दुसऱ्या भागात, म्हणजे ज्या स्वयंपाकघरावर आम्ही रेघ मारली होती तेथेच. सातवीतल्या मुलाचे काहीच चुकले नव्हते. हवेपणाचा पत्ताच नाही, तेव्हा चिंच किडकी असल्याशिवाय कोणी ती कशाला टाकील?

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटते की, कथा लहान करणे म्हणजे दूध आटविणे. सर्वच भाग सारख्या प्रमाणात कमी करावेत म्हणजे झाले. दूध आटते तेव्हा त्याची गोडी दाट होते हे खरे, कारण त्याचा प्रत्येक थेंब सारखा असतो. कथेचे भाग सारखे नसतात. ६४० चे २०० करताना प्रत्येक भागाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी अंश ठेवला असता, तर बसच्या प्रवासाला चौतीस शब्द आणि शेवटाला बावीस शब्द मिळाले असते. हे कोणालाही पटणार नाही. म्हणून प्रथम शेवटाचे देणे कोणाकोणाचे आहे ते शोधावे, त्या वाक्यांखाली रेघ ओढून ती राखीव करावीत आणि मगच उरलेल्याला हात लावावा.

उरलेल्यात आम्ही मोठ्यापासून लहानाकडे गेलो. आधी भाग: प्रवास समूळ गेला. पुराचा इतिहास हा वास्तविक चांगला मजकूर, पण तो निबंधाचा. उस्मानसागर केव्हा बांधला हे वाचकास कळले न कळले, तरी मुलीच्या हातातल्या चिंचेचे वजन बदलत नाही. त्यामुळे दीडशे शब्दांतून उरले एवढेच, की १९०८ साली मुसीला पूर आला. मग माणसे: भाऊ, रिक्षावाला व डॉक्टर गेले. राहिल्या दोन बाया, पुलिहोरा पाठवणारी शेजारीण आणि रुग्णालयातील परिचित बाई. त्या दोघींची एकच काकू केली. असे केल्याने काकूची ओळख दुसऱ्यांदा करून द्यावी लागत नाही, आणि स्वयंपाकघरातून रुग्णालयात जाण्यास आपोआप वाट मिळते.

सर्वांत शेवटी वाक्ये. मूळ कथेत आजी झाडापाशी येते तेथे असे होते: “त्या वेळी आजीच्या चेहऱ्यावर एक प्रकारची विलक्षण गंभीरता पसरली आणि ती अत्यंत भावुक होऊन त्या वृक्षाकडे एकटक पाहू लागली.” हे एकोणीस शब्द. त्याच्या पुढच्याच ओळीत होते: “तिने चपला काढल्या आणि बुंध्यावर हात ठेवला.” हे सात. पहिले वाक्य जे सांगू पाहते, ते दुसरे दाखवून मोकळे होते. अशी जोडी आढळली की भावनेचे नाव घेणारे वाक्य काढावे व कृतीचे ठेवावे. विद्यार्थी बहुधा उलट करतात, कारण ‘विलक्षण’, ‘भावुक’ हे शब्द त्यांना अधिक वजनदार वाटतात.

शेवटाला मात्र आम्ही फारसा हात लावला नाही. उलट एक गोष्ट जपली. स्वयंपाकघरातील ‘तोंडाला पाणी सुटते’ हे साधे शब्द शेवटी झाडाखाली पुन्हा येतात. पहिल्याने ते नुसती आवड सांगतात. दुसऱ्याने येतात तेव्हा वाचक आजीची हकीकत ऐकून आलेला असतो. अशी पुनरुक्ती वायफळ समजून कापू नये. लहान कथेत आरंभ व शेवट यांना बांधणारा धागा बहुधा असल्याच एखाद्या पुनरुक्तीचा असतो.

तयार झालेली कथा आता येथे देतो.

चिंच

आमच्या घरात चिंच येत नाही. आमटीत आमसूल, साराला लिंबू. शेजारच्या काकूंकडे पुलिहोरा झाला की वासानेच माझ्या तोंडाला पाणी सुटते; पण त्यांचे ताट आले की आजी ते हळूच बाजूला ठेवते. कारण विचारले तर म्हणते, “मोठी झालीस की सांगेन.”

गेल्या मार्चमध्ये काकू आजारी पडल्या. त्यांना भेटून आजी आणि मी उस्मानिया रुग्णालयातून परत निघालो. आवारातल्या एका जुन्या चिंचेपाशी आजी थांबली. तिने चपला काढल्या आणि बुंध्यावर हात ठेवला.

“१९०८ साली मुसीला पूर आला, तेव्हा माझी आजी आठ वर्षांची होती. तिच्या वडिलांनी तिला ह्या झाडावर चढवले आणि धाकट्या भावाला आणायला ते पुन्हा पाण्यात उतरले. दोन दिवस ती फांदीला धरून होती. पाणी ओसरले. ते परत आले नाहीत.”

“दोन दिवस तिने खाल्ले काय?” मी विचारले.

“ह्याच झाडाचा पाला आणि कोवळ्या चिंचा,” आजी म्हणाली. “खाली उतरल्यावर मात्र जन्मभर तिने चिंच तोंडात घातली नाही. माझ्या आईने घातली नाही. मीही नाही.”

ती आणखी काही बोलली नाही. मला वाटले, ती मला काहीतरी विचारील. पण तिने चपला घातल्या आणि ती फाटकाकडे चालू लागली.

झाडाखाली पिकलेल्या चिंचा पडल्या होत्या. मी एक उचलली. टरफल तडकले होते आणि आतला तांबूस गर दिसत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटले. आजी पाठमोरी होती. तिला काही दिसले नसते.

मी ती चिंच बुंध्यापाशी ठेवली आणि आजीमागे धावत गेले.

शीर्षक सोडून हे १८८ शब्द होतात. हिशेब पाहण्यासारखा आहे. स्वयंपाकघराच्या ९० शब्दांतून ३७ राहिले. रुग्णालयाच्या १०० तून २७. आजीची हकीकत १२० ची ६७ झाली, आणि पुराचा सगळा इतिहास तिच्यातच सामावला. शेवट ७० चा ५७ झाला. म्हणजे कथा एकंदरीत तिसऱ्या हिश्शाहून लहान झाली, पण शेवटाचे पाचांतले चार शब्द जागच्या जागी राहिले. हे प्रमाण सर्व कथांना लागू पडेल असे नाही. तथापि काटछाटीत शेवटही बाकीच्या भागांइतकाच आखडला असेल, तर काही तरी चुकत आहे असे समजावे.

सातवीतल्या त्या मुलास ही कथा ऐकवता येईना, कारण त्याला आता सारे माहीत झाले होते. म्हणून दुसऱ्या तुकडीतील दोघांस वाचून दाखवली व तोच प्रश्न विचारला. एक म्हणाला, “झाडाने वाचवले म्हणून.” दुसरी म्हणाली, “वडील परत आले नाहीत, त्याची आठवण नको म्हणून.” दोघांची उत्तरे निराळी, पण दोघेही कथेच्या आतूनच बोलत होते. मूळ वहीत ह्या ठिकाणी आजीने चिंच न खाण्याचे कारण कृतज्ञता हेच आहे, असे स्पष्टीकरण दिले होते. ते कापले, त्यामुळे कारण वाचकाच्या मनावर सोपवले गेले. संदिग्धता आणि अपुरेपणा ह्यांत हाच भेद आहे. अपुऱ्या शेवटाने वाचक कथेबाहेर जाऊन किडक्या चिंचेसारखे कारण शोधतो. संदिग्ध शेवटाने तो कथेतच मागे वळून पाहतो.

ह्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. आपल्याकडे वि. स. खांडेकर यांनी रूपककथा हा छोटेखानी प्रकार रुजविला. पण ती कथा लेखकाच्या मनात जन्मतःच लहान असते. लांब कथा लहान करताना काही तरी नक्कीच हरवते. ह्या कथेतला रुसणारा भाऊ फार जिवंत होता, आणि त्याला काढताना मुलीला वाईट वाटले, आम्हांसही वाटले. शिवाय शेवटाचे देणे मांडावयास बसल्यावर तीनांऐवजी सात-आठ गोष्टी निघाल्या, तर ती कथा दोनशे शब्दांची नाहीच असे मानावे. मग तिच्यातील एकच प्रसंग निवडून त्याची निराळी कथा लिहावी, अथवा ती पुढील वर्षीच्या दोन पानांसाठी राखून ठेवावी. पाय कापून माणूस पलंगात बसविण्यात शहाणपण नाही.

आता एक शेवटची गोष्ट. शब्द मोजून झाल्यावर मुलगी म्हणाली, “बारा शब्द उरले आहेत. त्यात तात्पर्य बसेल.” आम्ही म्हटले, “बसवून पाहा.” ती वही घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने मसुदा परत आणला, तेव्हा तो होता तसाच होता. आदल्या रात्री तिने तो आजीला वाचून दाखवला होता. आजी काय म्हणाली, असे आम्ही विचारले. “काही नाही,” ती म्हणाली, “वही परत मागून घेतली आणि स्वतः एकदा वाचली.” ते बारा शब्द आम्ही कोरेच ठेवले.